मुक्या अक्षरांचे नातेवाईक

सहावीच्या वर्गात स्पेलिंगची वही तपासताना एक गंमत नेहमी दिसते. पहिल्या चाचणीत मुलं गुडघ्याचं इंग्रजी स्पेलिंग 'एन-ई-ई' असं लिहितात. चूक कळली की पुढच्या चाचणीत 'नेम'लासुद्धा सुरुवातीला 'के' लावून मोकळी होतात. पहिल्या चुकीपेक्षा ही दुसरी चूक मला जास्त महत्त्वाची वाटते. इंग्रजीत काही अक्षरं गप्प बसतात, एवढं मुलाला समजलेलं असतं. ती कुठे बसतात आणि कुठे नसतात, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

आपली देवनागरी बहुतेक जसं बोलू तसं लिहिते. त्यामुळे मुकं अक्षर दिसलं की आपण एकतर ते मोठ्याने म्हणतो, म्हणजे 'व्रिस्ट', 'प्लंबर', 'बॉम्ब'. नाहीतर लिहायचंच विसरतो. पण थोडं थांबून आपल्याकडेही पाहा. 'ज्ञान' या शब्दात लिहिताना ज आणि ञ यांचं जोडाक्षर आहे. आपण म्हणतो 'द्न्यान', हिंदीवाले म्हणतात 'ग्यान', गुजराती माणूस 'ग्नान'च्या जवळ जातो. लिपी जागेवर राहिली आणि जीभ पुढे गेली. इंग्रजीत नेमकं हेच झालं आहे, फक्त शेकडो शब्दांत.

विल्यम कॅक्स्टनने वेस्टमिन्स्टरला इंग्लंडमधला पहिला छापखाना काढला तो 1476 साली. छापखाने वाढले तशी स्पेलिंगं हळूहळू ठरत गेली, आणि सॅम्युएल जॉन्सनचा शब्दकोश 1755 साली आला तोवर त्यांतली बरीचशी पक्की झाली होती. मधल्या काळात उच्चार मात्र बदलत राहिले. 'नाइफ'मधला 'के' कॅक्स्टनच्या काळात लोक खरोखर म्हणत होते. जॉन्सनच्या काळात म्हणत नव्हते. तेव्हा बहुतेक मुकी अक्षरं ही एके काळी बोलती असलेली अक्षरं आहेत. आणि जे अक्षर एके काळी बोलत होतं, त्याचा एखादा नातेवाईक कुठेतरी अजून बोलत असतो. तो इंग्रजीतच सापडेल किंवा आपल्या घरात सापडेल. तो शोधायचा कसा, हे तीन जोड्यांवर दाखवतो: के-एन, डब्ल्यू-आर आणि एम-बी. शब्दांची स्पेलिंगं मुद्दाम आपण शाळेत घोकायचो तशी अक्षरश: दिली आहेत. मोठ्याने म्हणत वाचलीत तर जास्त उपयोग होईल.

के आणि एन

नियम सरळ आहे. शब्दाची सुरुवात के-एन अशी झाली की 'के' गप्प बसतो आणि उच्चार थेट 'न'पासून सुरू होतो. नाइफ म्हणजे के-एन-आय-एफ-ई. नी, म्हणजे गुडघा, के-एन-ई-ई. नो, म्हणजे जाणणे, के-एन-ओ-डब्ल्यू. वाचताना यात काहीच अडचण नाही. अडचण लिहिताना येते, कारण कानाला फक्त 'न' ऐकू आला आहे आणि 'के' लावायचा की नाही हे ठरवायचं आहे.

इथे मराठी मुलाच्या हातात असं एक साधन आहे, जे लंडनच्या मुलाच्या हातात नाही. इंग्रजी आणि संस्कृत या एकाच कुळातल्या भाषा आहेत. जुन्या मूळ शब्दात 'न'च्या आधी एक व्यंजन होतं. संस्कृतात त्याचा 'ज' झाला, लॅटिन आणि ग्रीकमध्ये 'ग' राहिला आणि इंग्रजीत 'क' झाला. म्हणून इंग्रजीतला जाणणे या अर्थाचा 'नो' हा आपल्या 'ज्ञा' धातूचा सख्खा भाऊ आहे. इंग्रजीतला मुका 'के' म्हणजे ज्ञानातला 'ज'. गुडघ्याचा 'नी' हा संस्कृत 'जानु'. गुडघ्यापर्यंत हात पोचणाऱ्याला आपण आजानुबाहू म्हणतो, तोच जानु. 'ज्ञा'च्या घराण्यातला ग्रीक भाऊ तर आपण रोज डॉक्टरांच्या तोंडून ऐकतो: डायग्नोसिस. तिथे 'ग' स्पष्ट ऐकू येतो. 'इग्नोर' आणि 'रेकग्नाइज'मध्येही तोच 'ग' आहे. 'नो'मधला 'के' विसरायला झाला की 'डायग्नोसिस' म्हणून पाहा. 'न'च्या आधी काहीतरी आहे हे कानाला कळतं.

आता उलटी बाजू पाहा. वर्गात मला तीच जास्त कामाची वाटली. ज्या इंग्रजी शब्दाचा संस्कृत भाऊ थेट 'न'ने सुरू होतो, त्याला 'के' लावायचा नाही. नेम म्हणजे नाम. नाइन म्हणजे नव, आकडा. न्यू म्हणजे नव, नवा. नेल म्हणजे नख. नोज म्हणजे नासिका. नेस्ट म्हणजे नीड, पाखराचं घरटं. नकार देणारा नो आणि नॉट म्हणजे आपला साधा 'न'. हे सगळे खरे रक्ताचे नातेवाईक आहेत, नुसते जुळणारे आवाज नव्हेत. यांच्यापैकी एकाच्याही स्पेलिंगमध्ये 'के' नाही.

यामुळे मुलांना हमखास गोंधळात पाडणाऱ्या जोड्या सुटतात. 'न्यू' ऐकू आलं. अर्थ 'नवा' असेल तर नव आठवा आणि एन-ई-डब्ल्यू लिहा. अर्थ 'माहीत होतं' असेल तर ज्ञान आठवा आणि सुरुवातीला 'के' लावा. 'नाइट' ऐकू आलं. अर्थ रात्र असेल तर नक्त आठवा. दिवसभर उपाशी राहून रात्री जेवायच्या व्रताला आपल्याकडे नक्त म्हणतात. तिथे 'के' नको. अर्थ चिलखत घातलेला सरदार असेल तर के-एन-आय-जी-एच-टी.

या सरदाराविषयी थोडं विषयांतर करतो. जुन्या इंग्रजीत हा शब्द पोरगा किंवा चाकर या अर्थाचा होता. जर्मनमध्ये त्याचा भाऊ 'क्नेख्त' अजूनही चाकरच आहे, आणि तिथे 'क' खणखणीत म्हणतात. इंग्रजीत चाकराचा सरदार झाला. पत्त्यांतल्या 'नेव्ह'चं नशीब तेवढं चांगलं नव्हतं. तोही मुळात पोरगा, मग चाकर, मग लबाड माणूस. त्याचंही स्पेलिंग के-एन नेच सुरू होतं, आणि आपण त्या पत्त्याला गुलामच म्हणतो. बुद्धिबळ खेळणाऱ्या मुलांना एक खूण सांगून ठेवा. डाव लिहिताना घोड्यासाठी `N` लिहितात, `Nf3` असं, कारण `K` हे अक्षर राजाने आधीच घेतलेलं असतं. म्हणजे सरदाराच्या नावातला 'के' राजाने पळवला, असं म्हटलं की ते स्पेलिंग मुलं पुन्हा चुकत नाहीत.

सगळ्या शब्दांना संस्कृतातला भाऊ मिळत नाही. नॉट म्हणजे गाठ, निट म्हणजे विणणे, नकल म्हणजे बोटाचं पेर, नॉब म्हणजे दाराची किंवा रेडिओची गोल मूठ, नीड म्हणजे कणीक मळणे. या सगळ्यांत मुका 'के' आहे. यांना मी 'गाठ आणि गोळा' असं नाव देतो. यांतले गाठ आणि विणणे हे खरोखर एकाच मुळाचे आहेत. बाकीच्यांचं मूळ एकच आहे असा माझा दावा नाही. लक्षात ठेवायला सोय म्हणून त्यांना एका टोपलीत घातलं आहे. नॉक म्हणजे दार ठोठावणे आणि नाइफ हे टोपलीबाहेर उरतात, पण ते इतके रोजचे आहेत की आपोआप पाठ होतात.

के-एन दिसले की 'के' गप्पच, असं मात्र समजू नका. 'डार्कनेस', 'वीकनेस', 'बँकनोट' यांत हीच दोन अक्षरं शेजारी आहेत आणि 'क' ऐकू येतो. कारण तो 'के' आधीच्या शब्दाचा शेवट आहे: डार्क, वीक, बँक. शब्द फोडून पाहायचा. तुकडा के-एन पासून सुरू होत असेल तरच 'के' मुका. म्हणून 'अननोन'मध्ये तो मुका आहे, कारण 'अन' बाजूला काढलं की 'नोन' उरतो. माणसांच्या नावांना हा नियम लावू नका. संगणकशास्त्रज्ञ डोनल्ड क्नूथ आपल्या आडनावातला 'क' म्हणतात, आणि तो म्हणावा असं त्यांनी स्वत:च सांगून ठेवलं आहे.

के-एन चा धाकटा भाऊ जी-एन. सुरुवातीला तो फारच थोड्या शब्दांत येतो, शेवटी जास्त भेटतो: साइन, डिझाइन, रिझाइन. इथे नातेवाईक इंग्रजीतच शेजारी राहतो. साइनमध्ये 'जी' गप्प, सिग्नेचरमध्ये बोलतो. रिझाइनमध्ये गप्प, रेझिग्नेशनमध्ये बोलतो. या जोडीबद्दल यापेक्षा जास्त सांगायची गरज नाही. 'फॉरेन'मधला 'जी' मात्र खोटा आहे. त्या शब्दात तो कधीच नव्हता. राज्य करणे या अर्थाच्या 'रेन'सारखं दिसावं म्हणून नंतर चिकटला. त्याचा बोलता नातेवाईक शोधत बसू नका.

डब्ल्यू आणि आर

इथेही वाचायचा नियम एका ओळीचा आहे: सुरुवातीला डब्ल्यू-आर आले की 'डब्ल्यू' सोडा आणि 'र' म्हणा. 'व्रिस्ट' नाही, 'रिस्ट'. 'व्रॅप' नाही, 'रॅप'. सतराव्या शतकापर्यंत हा 'व' बहुतेक इंग्लंडमधून गेला. स्कॉटलंडच्या ईशान्य भागातल्या बोलीत मात्र तो 'व्र' असा टिकून राहिला. त्यामुळे आपला एखादा विद्यार्थी 'व्राँग' म्हणाला तर तो अ‍ॅबर्डीनकडच्या एखाद्या म्हाताऱ्या शेतकऱ्यासारखा बोलतोय, एवढंच.

लिहिताना 'डब्ल्यू' कुठे लावायचा हे या जोडीत अर्थच सांगतो. पुढचे शब्द एकेक करून पाहा. रिंग, कपडे पिळणे या अर्थाचा. रिंकल, सुरकुती. रिगल, वळवळणे. रॅप, गुंडाळणे. रेंच, नटबोल्ट फिरवायचा पाना. रीथ, फुलांचं वळवलेलं चक्र. रिस्ट, मनगट, म्हणजे जिथून हात वळतो तो सांधा. रेसल, कुस्ती, जिथे पिळवटण्याशिवाय दुसरं काही नसतं. सगळीकडे वळ आहे, पीळ आहे. हा योगायोग नाही. यांच्या मुळाशी 'वळणे' या अर्थाचा एक जुना धातू आहे, आणि संस्कृतातला 'वृत्' हा त्याच घराण्यातला मानतात. वर्तुळ, आवर्तन, परिवर्तन हे शब्द त्या 'वृत्'पासून आले. आपल्या 'वृ'मध्ये व आणि ऋ एकत्र आहेत. इंग्रजीत त्यांच्या जागी डब्ल्यू आणि आर शेजारी बसलेले आहेत.

'राँग', म्हणजे चूक, हाही मुळात वाकडा या अर्थाचाच शब्द. तो उत्तरेकडच्या व्हायकिंगांच्या भाषेतून इंग्रजीत आला आणि पिळण्याच्या 'रिंग'चा नातलग आहे. त्याच्या उलट 'राइट', म्हणजे बरोबर, हा सरळ या अर्थाचा. त्याचा संस्कृत नातेवाईक 'ऋजु'. ऋजु 'ऋ'ने सुरू होतो, म्हणून त्या राइटला नुसता 'आर'. वाकडं 'व'ने सुरू होतं, म्हणून राँगला सुरुवातीला 'डब्ल्यू'. यातली ऋजुची नाळ खरी आहे. 'वाकडं'ची नाही, ती फक्त लक्षात राहायला आहे. मुलांना सांगताना हा फरक सांगितला नाही तरी चालेल. स्वत:च्या मनात असू द्यावा.

आता फसण्याच्या जागा. वळण आहे म्हणून प्रत्येक गोल वस्तूला 'डब्ल्यू' लावायला जाल तर चुकाल. 'राउंड', 'रोल', 'रोटेट' यांत गोलाई आहे, पण 'डब्ल्यू' नाही. कारण ते लॅटिनमधल्या 'रोटा' म्हणजे चाक या शब्दावरून आले, आणि त्याचा आपल्याकडचा भाऊ रथ. रथ 'र'ने सुरू होतो. बोटातली अंगठी किंवा घंटा वाजणे या दोन्ही 'रिंग'नाही 'डब्ल्यू' नाही. तो फक्त कपडे पिळणाऱ्या रिंगला आहे. मी विद्यार्थ्यांना एक प्रश्न विचारायला लावतो: वस्तू गोल आहे, की कुणीतरी ती पिळतंय, वळवतंय? पिळणं असेल तर 'डब्ल्यू'. अंगठी नुसती गोल आहे, कपडा पिळला जातोय.

लिहिणे या अर्थाचा 'राइट' कुठल्याच टोपलीत बसत नाही. त्याचा मूळ अर्थ ओरखडणे, कोरणे. लाकडावर किंवा दगडावर अक्षरं ओरखडायची, म्हणून लिहिणे. त्यात वळण शोधायची धडपड करू नका, सरळ पाठ करा. तो दिवसातून दहा वेळा लिहावा लागतो, त्यामुळे पाठ होतोच.

याच्याशी लागून एक चूक शिकलेली माणसंही करतात. नाटककाराला इंग्रजीत 'प्लेराइट' म्हणतात. तो नाटक लिहितो, म्हणून शेवटचा भाग लिहिणे या अर्थाच्या 'राइट'सारखा लिहिला जातो, आणि चुकतो. खरं स्पेलिंग आहे पी-एल-ए-वाय आणि पुढे डब्ल्यू-आर-आय-जी-एच-टी. हा 'राइट' म्हणजे घडवणारा, कारागीर, 'वर्क'च्या कुळातला. जहाज बांधणारा शिपराइट, चाकं करणारा व्हीलराइट, तसा नाटक घडवणारा प्लेराइट. 1903 साली विमान उडवणाऱ्या राइट बंधूंचं आडनावही हेच. उलट 'कॉपीराइट'मधला राइट हक्काचा आहे, म्हणून तिथे 'डब्ल्यू' नाही. एखाद्या नाट्यसंस्थेच्या पत्रिकेत किंवा पुस्तकाच्या मलपृष्ठावर ही अदलाबदल दिसली तर आश्चर्य वाटून घेऊ नका.

शब्दाच्या मध्ये डब्ल्यू-आर क्वचितच येतात. एकच शब्द सांगतो: 'अराय', म्हणजे वाकडंतिकडं झालेलं, बिघडलेलं. स्पेलिंग ए-डब्ल्यू-आर-वाय. बरेच जण वाचताना त्याला 'ऑरी' म्हणतात. आधीचा 'ए' वेगळा काढला की उरतो 'राय', म्हणजे वाकडा, आणि तो आपल्या वळणाच्या घराण्यातलाच आहे.

एम आणि बी

ही जोडी वेगळी. इथे मुकं अक्षर शेवटी बसतं, आणि त्याच्या काही हकिगती तर चक्क खोट्या आहेत.

रोजच्या वापरातले शब्द डझनभरच आहेत. लॅम म्हणजे कोकरू, क्लाइम म्हणजे चढणे, कोम म्हणजे कंगवा, डम म्हणजे मुका, टूम म्हणजे थडगं, वूम म्हणजे गर्भाशय, थम म्हणजे अंगठा, लिम म्हणजे हातपाय, नम म्हणजे बधिर, क्रम म्हणजे पावाचा चुरा, शिवाय बॉम आणि प्लमर. या सगळ्यांच्या शेवटी, प्लमरच्या बाबतीत मध्ये, एम-बी आहे आणि 'बी' म्हणायचा नाही. मराठीत बोलताना 'बॉम्ब' आणि 'प्लंबर' खुशाल म्हणा. ते आता आपले शब्द झाले आहेत. इंग्रजीत बोलताना 'बॉम' आणि 'प्लमर'. कोम, टूम आणि बॉम यांची स्पेलिंगं दिसायला सारखी, पण स्वर तीन वेगवेगळे. तिथे नियम शोधू नका, ऐकून घ्या.

बोलते नातेवाईक इथेही आहेत. बॉममधला 'बी' 'बंबार्ड'मध्ये बोलतो, क्रममधला 'क्रंबल'मध्ये, म्हणजे चुरा होण्यात. प्लमरचा तर थेट रसायनशास्त्रात सापडतो. पूर्वी नळ शिशाचे असत, शिशाला लॅटिनमध्ये 'प्लंबम' म्हणत, आणि आवर्त सारणीत शिशाची खूण `Pb` अशी आहे. नववी-दहावीच्या मुलाला एवढं सांगितलं की त्या स्पेलिंगमधला 'बी' तो सोडत नाही.

आता खरा प्रश्न. 'नंबर', 'टिंबर', 'चेंबर', 'सप्टेंबर', 'रिमेंबर', 'हंबल', 'ट्रेंबल', 'थिंबल' यांतही एम-बी आहे, आणि तिथे 'ब' अगदी स्पष्ट ऐकू येतो. मग नियम काय?

उत्तर आपल्या आंब्यात आहे. संस्कृतात 'आम्र', मराठीत 'आंबा'. संस्कृतात 'ताम्र', मराठीत 'तांबं'. मुळात 'ब' नव्हताच, मग आला कुठून? 'आम्र, आम्र, आम्र' असं दहा वेळा भरभर म्हणून पाहा. 'म'साठी ओठ मिटलेले असतात आणि 'र'साठी ते उघडावे लागतात. उघडताना मध्येच एक 'ब' फुटतो. प्राकृतात हा 'ब' पक्का झाला आणि पुढे 'र' गळून आंबा उरला. इंग्रजीच्या शब्दांतही हेच झालं आहे. लॅटिन 'नुमेरस'पासून फ्रेंचमार्गे 'नंबर' झाला, 'कामेरा'पासून 'चेंबर', 'हुमिलिस'पासून 'हंबल'. मुळात कुठेच 'ब' नाही. एम आणि पुढचा आर किंवा एल यांच्यामध्ये तो ओठांतून जन्मला. जो 'ब' आवाजातून जन्मला, तो आवाजातच राहणार. म्हणून लक्षात ठेवायचं ते असं: एम-बी च्या पुढे आर किंवा एल चा आवाज त्याच शब्दाचा भाग असेल तर 'ब' म्हणा. एम-बी ने शब्द संपत असेल तर 'ब' गिळा.

'त्याच शब्दाचा भाग' हे शब्द मी मुद्दाम वापरले, कारण मुलं नेमकी इथे अडखळतात. 'क्लाइमर' म्हणजे चढणारा. यात एम-बी नंतर ई-आर आहे. पण ते ई-आर बाहेरून जोडलेलं शेपूट आहे. काढून टाका, 'क्लाइम' उरतो आणि तो पूर्ण शब्द आहे. म्हणून 'बी' मुका. 'बॉमर' तसाच. 'टिंबर'मधून ई-आर काढा. 'टिंब' उरतं आणि असा शब्द इंग्रजीत नाही. म्हणून 'बी' बोलका. सगळ्यात मजेदार उदाहरण म्हणजे एन-यू-एम-बी-ई-आर ही अक्षरं. आकडा या अर्थी 'नंबर'. दंतवैद्याने इंजेक्शन दिल्यावर गाल आणखी बधिर झाला, त्या 'आणखी बधिर' या अर्थी तोच शब्द 'नमर'. अक्षरं सहाच्या सहा तीच, उच्चार दोन.

खोट्या हकिगती म्हणालो, त्या सांगतो. लॅम, क्लाइम, कोम यांत 'बी' खराखुरा होता. जुनी इंग्रज माणसं तो म्हणत, मग मध्ययुगात, छपाईच्या आधीच, तो गळला. जर्मनमध्ये कोकराला आजही 'लाम' म्हणतात, पण तिथे लोकांनी शहाणपणाने स्पेलिंगमधूनही 'बी' काढून टाकला. थम आणि लिम यांत मात्र 'बी' कधीच नव्हता. लॅम आणि क्लाइम यांच्या शेवटी 'बी' दिसतो, मग थमलाही असावा, अशा समजुतीने लिहिणाऱ्यांनी तो नंतर लावला. म्हणजे वर्गातला मुलगा 'नेम'ला 'के' लावतो, अगदी तीच चूक. फरक एवढाच की ती चूक मोठ्या माणसांनी केली आणि छापली गेली. 'डेट', म्हणजे कर्ज, आणि 'डाउट' यांतले 'बी'ही असेच पंडितांनी घातलेले, लॅटिनची आठवण राहावी म्हणून. डेटची आठवण बँकेतल्या 'डेबिट'ने ठेवा.

थमसाठी मी मुलांना 'थिंबल' सांगतो, म्हणजे शिवताना बोटावर चढवतात ती धातूची टोपी. तिथला 'ब' आंब्यासारखा ओठांतून आलेला आहे, थममधला नुसता चिकटवलेला. इतिहास दोघांचा वेगळा. पण अंगठा आणि बोटाची टोपी शेजारी आहेत, आठवायला पुरतं.

एक श्रुतलेखन

हे सगळं प्रत्यक्षात कसं वापरायचं, ते एका श्रुतलेखनावरून सांगतो. शब्द दहा: गुडघा, घरटं, गाठ, कपडे पिळणे, गोल, लिहिणे, कोकरू, लाकूड, अंगठा, चढणारा. घरी कुणालाही इंग्रजी शब्द मोठ्याने सांगायला लावा आणि अर्थ मराठीत सांगायला लावा. अर्थाशिवाय हे श्रुतलेखन घेऊ नका, कारण आपली सगळी भिस्त अर्थावर आहे.

पहिला 'नी'. जानु, म्हणून 'के' लावायचा. दुसरा 'नेस्ट'. नीड, 'न'ने सुरू, म्हणून 'के' नाही. तिसरा 'नॉट'. अर्थ गाठ, गाठीची टोपली, 'के' हवा. सांगणाऱ्याने 'गाठ' सांगितलं नसतं तर नकाराचा 'नॉट' लिहिला गेला असता. चौथा 'रिंग'. पिळणं आहे, 'डब्ल्यू' हवा. पाचवा 'राउंड'. गोल आहे, पण पिळणं नाही. रथ आठवा, नुसता 'आर'. सहावा 'राइट'. इथे नियम नाही. सातवा 'लॅम'. शब्द 'म'वर संपला, डझनभरांच्या यादीतला आहे, म्हणून 'बी'. आठवा 'टिंबर'. 'ब' ऐकूच आला आहे, लिहिला. नववा 'थम'. 'बी' नुसता चिकटवलेला, आठवणीतूनच आणावा लागतो. दहावा 'क्लाइमर'. शेपूट काढलं, 'क्लाइम' उरला, म्हणून 'बी' लिहायचा आणि म्हणायचा नाही.

तपासताना चुकांचे दोन ढीग करा: एकात अक्षर सुटलेले शब्द, दुसऱ्यात नको तिथे घातलेले. पहिला ढीग मोठा असेल तर मुलाला नातेवाईक अजून ओळखता येत नाहीत. दुसरा मोठा असेल तर 'न'चे शब्द, म्हणजे नाम, नव, नख, नासिका, नीड, आणि रथाचे शब्द पुन्हा एकदा म्हणून घ्या. दर आठवड्याला याच दहांतले पाच ठेवून पाच नवे घाला. दहांपैकी आठ शब्द विचार करून सुटतात. 'राइट' आणि 'थम' हे दोन मात्र पाठच करा.